मृत्युपत्र: दोन साक्षीदार आणि मिळकतीचे नेमके वर्णन

आपल्या पश्चात आपली मालमत्ता कोणाला मिळावी, हे लिहून ठेवणारा आणि लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरच अंमलात येणारा दस्तऐवज म्हणजे मृत्युपत्र. बोलीत त्याला इच्छापत्रही म्हणतात. ते हाताने लिहिलेले चालते, टाइप केलेले चालते, कोणत्याही भाषेत चालते. स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लिहिणाऱ्याकडून दोनच गोष्टी मागतो: तो सज्ञान असावा आणि लिहिताना त्याचे चित्त ठिकाणावर असावे. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ख्रिस्ती आणि पारशी यांच्या मृत्युपत्रांना लागू आहे. मुस्लिमांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो. त्यानुसार सर्वसाधारणपणे एक तृतीयांश मालमत्तेपुरतेच मृत्युपत्र करता येते आणि एखाद्या वारसाला जादा द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते. गोव्याची पद्धतही वेगळी आहे. तिथे मुलाबाळांसाठी निम्मा वाटा कायद्यानेच राखून ठेवलेला असतो आणि मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर करण्याची चाल आहे. पुढचे विवेचन महाराष्ट्रातल्या साध्या हिंदू कुटुंबाला धरून आहे.

इतर दस्तऐवजांबाबत वाद झाला तर सही करणारा न्यायालयात येऊन खुलासा करू शकतो. मृत्युपत्र उघडले जाते तेव्हा तो खुलासा करणाराच हयात नसतो. ‘ही सही वडिलांचीच का?’ या प्रश्नाला साक्षीदारांनी उत्तर द्यायचे असते आणि ‘शेत म्हणजे नेमके कोणते शेत?’ या प्रश्नाला कागदावरच्या वर्णनाने. घरोघरी केलेली मृत्युपत्रे बहुधा याच दोन ठिकाणी अडखळतात. भाषा साधी असल्याने किंवा वकील न लावल्याने मृत्युपत्र रद्द होत नाही.

एक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका गावचा निवृत्त शिक्षक पुण्यात राहतो. त्याला पत्नी, मुलगा आणि विवाहित मुलगी आहे. पुण्यात सहकारी गृहनिर्माण संस्थेत पती-पत्नीच्या नावे एक सदनिका, गावी धाकट्या भावासह सामाईक सातबारावर असलेली जमीन, गावठाणात एक घर, बँकेत मुदत ठेवी आणि थोडे दागिने एवढी त्याची मालमत्ता. त्याने वहीच्या पानावर लिहिले: ‘माझ्या पश्चात पुण्याचा फ्लॅट मुलाला, गावचे विहिरीकडचे शेत मुलीला आणि बाकी सगळे पत्नीला द्यावे.’ खाली सही केली आणि वही कपाटात ठेवली. इच्छा स्पष्ट आहे, पण या कागदाचा उपयोग जवळपास शून्य.

पहिली उणीव साक्षीदारांची. त्या कायद्याचे कलम 63 सांगते की मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझीच’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे; आणि प्रत्येकाने आपली सही करणाऱ्याच्या समोर केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची कायद्याची अट नाही, पण व्यवहारात तिघांनी एकत्र बसून, एकाच पेनाने, एकाच बैठकीत सह्या करणे उत्तम. पुढे साक्ष देताना आठवण्याची गोष्ट एकच उरते. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवण्याची गरज नाही. तो सहीचा साक्षीदार असतो, वाटणीचा नव्हे. शेजाऱ्याला सगळे कळेल या भीतीने अनेक जण साक्षीदार घेण्याचे टाळतात. ती भीती अनाठायी आहे.

दुसऱ्याने केलेली सहीही चालते, पण ती करणाऱ्याच्या सांगण्यावरून आणि त्याच्या समोरच झालेली हवी. हात थरथरत असेल तर अंगठा बरा. अंगठा देणाऱ्याला किंवा वाचता न येणाऱ्याला मजकूर वाचून दाखवला आणि तो त्याला समजला, असे एक वाक्य शेवटी जरूर घालावे.

साक्षीदाराचे खरे काम पुढे न्यायालयात सुरू होते. मृत्युपत्रावर वाद उभा राहिला आणि साक्षीदार हयात असून साक्ष देण्यास सक्षम असेल, तर किमान एकाला बोलावून मृत्युपत्र सिद्ध करावेच लागते. हा नियम पूर्वी 1872 च्या पुरावा कायद्यात होता; 1 जुलै 2024 पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. एकाला बोलावले की भागते, असे वाटेल. पण त्या एकाने दोघांच्याही सह्यांची हकिगत सांगावी लागते. ‘जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम’ या खटल्यात नेमका हाच प्रश्न होता. एक साक्षीदार पिंजऱ्यात आला, पण दुसऱ्या साक्षीदाराने करणाऱ्याच्या समोर सही केल्याचे त्याच्या साक्षीतून सिद्ध झाले नाही. दुसऱ्या साक्षीदाराला बोलावलेच नव्हते. डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की असे मृत्युपत्र सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. कागद होता, सह्या होत्या, दोन नावे होती. साक्षीत दुसऱ्या सहीची हकिगत आली नाही, एवढ्यावर सगळे अडले.

म्हणून साक्षीदार निवडताना पहिला निकष वयाचा. पंच्याहत्तरीतल्या शिक्षकाने आपल्याच वयाचे दोन मित्र साक्षीदार म्हणून घेतले, तर मृत्युपत्र उघडण्याच्या वेळी दोघेही नसण्याची शक्यता मोठी. साक्षीदार हयात नसले तरी वाट बंद होत नाही. मग एका साक्षीदाराचे हस्ताक्षर आणि करणाऱ्याची सही ओळखणारी माणसे शोधून पुरावा द्यावा लागतो. ते काम कष्टाचे आणि खर्चाचे. त्यापेक्षा साक्षीदार दहा-पंधरा वर्षांनी लहान, एका जागी स्थिर आणि पत्ता सहज लागेल असे असावेत. त्यांची पूर्ण नावे, वये, पत्ते आणि फोन नंबर सहीखाली लिहून ठेवावेत. नुसत्या गिचमिड सह्या असलेली मृत्युपत्रे वीस वर्षांनी कोडे होऊन बसतात. वय झालेल्या किंवा आजारी माणसाच्या बाबतीत दोघांपैकी एक साक्षीदार नेहमीचा डॉक्टर असावा. शुद्धीबद्दलचे प्रमाणपत्रही त्याच दिवशी, त्याच डॉक्टरकडून घ्यावे. मृत्युपत्राच्या तारखेनंतर महिन्याने आणलेले प्रमाणपत्र फारसे कामाचे नाही.

दुसरा निकष: ज्याला काही मिळणार आहे, त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार होऊ नये. ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रांत असे झाले तर मृत्युपत्र टिकते, पण त्या साक्षीदाराला दिलेली देणगी रद्द होते. हे कलम 67 हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू केलेले नाही, म्हणून ‘हिंदूंना चालते’ असा सल्ला कधी कधी मिळतो. कायद्याच्या शब्दात तो खरा असला, तरी घ्यावा असा नाही. जावई साक्षीदार आणि फ्लॅट मुलीला, हे पाहिल्यावर मुलाच्या वकिलाला दुसरा मुद्दा शोधायची गरज उरत नाही. व्यवस्थापक म्हणून नेमलेला माणूस मात्र साक्षीदार होऊ शकतो.

नोंदणी आणि साक्षीदार यांची गल्लत फार होते. दुय्यम निबंधक कार्यालयात मृत्युपत्र ऐच्छिकपणे नोंदवता येते आणि नोंदवावेही. त्याने तारीख पक्की होते, छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा राहतो, प्रत सरकारी दप्तरात सुरक्षित राहते. पण नोंदणीच्या वेळी ‘आम्ही यांना ओळखतो’ म्हणून सही करणारे ओळखदार हे आपोआप कलम 63 चे साक्षीदार ठरत नाहीत. निबंधकाचा शिक्का, नोटरीचा शिक्का किंवा लिहून देणाऱ्या टायपिस्टचे नाव, यांपैकी काहीही त्या दोन सह्यांची जागा घेऊ शकत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मूळ मृत्युपत्रावर असायलाच हव्यात. पुढची नोंदणी वेगळी.

साक्षीदार नीट असूनही न्यायालय मृत्युपत्राकडे संशयाने पाहू शकते. 1958 साली एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याची दिशा घालून दिली, आणि आजही प्रत्येक खटल्यात तिचा दाखला दिला जातो. संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. थरथरती, शंकास्पद सही, दुबळे मन, अस्वाभाविक वाटणी आणि लाभ मिळणाऱ्यानेच सगळ्यात पुढाकार घेणे ही त्यातली नेहमीची कारणे. ज्याला सगळे मिळणार तोच मुलगा वडिलांना गाडीतून निबंधक कार्यालयात नेतो, वकिलाचे पैसे भरतो, साक्षीदार म्हणून आपलेच मित्र आणतो. त्याचा हेतू शुद्ध असला तरी हे चित्र त्याच्याच विरोधात जाते. एखाद्या वारसाला कमी द्यायचे किंवा काहीच द्यायचे नसेल, तर त्याचे कारण एका वाक्यात, राग न काढता लिहावे. ‘मुलीच्या घरासाठी मी हयातीत रक्कम दिलेली आहे’ एवढे पुरते. वारसाचे नावच न घेणे धोक्याचे. मग ‘वडिलांना मुलगी आठवलीच नाही, मन ठिकाणावर नव्हते’ असा युक्तिवाद होतो.

आता शिक्षकाच्या कागदातली दुसरी उणीव: वर्णन. ‘पुण्याचा फ्लॅट’ असे त्याने लिहिले. सदनिका दोघांच्या नावे आहे. खरेदीच्या करारनाम्यात हिस्से वेगळे लिहिलेले नसतील तर सर्वसाधारणपणे निम्माच त्याचा. उरलेला निम्मा पत्नीचा आहे आणि त्याबद्दल पत्नीनेच आपले स्वतंत्र मृत्युपत्र करायला हवे. वर्णन असे हवे: सदनिका क्रमांक आणि मजला, इमारतीचे व संस्थेचे नाव आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक, नगर भूमापन किंवा सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, करारनाम्याचा दस्त क्रमांक, तारीख आणि तो कोणत्या दुय्यम निबंधकाकडे नोंदला ते, भाग दाखल्याचा क्रमांक आणि त्यावरचे भाग क्रमांक, सोबतची पार्किंगची जागा. हे सगळे पाठ असण्याची गरज नाही. सूची क्रमांक दोनचा उतारा आणि भाग दाखला समोर ठेवून उतरवून काढले की झाले.

शहरातल्या सदनिकेबाबत एक वाक्य आवर्जून घालावे. विशिष्ट वस्तू म्हणून दिलेली मालमत्ता मृत्यूच्या वेळी करणाऱ्याच्या मालकीची नसेल, तर ती देणगी आपोआप निष्फळ होते. जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि ‘दुसऱ्या मजल्यावरची सदनिका क्रमांक 7’ राहिलीच नाही, तर त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा यावर वाद होतो. ‘सदर सदनिका, अथवा पुनर्विकासात तिच्या बदल्यात मिळणारी सदनिका, भाडे व रक्कम’ अशी शब्दरचना केली की ती अडचण टळते. सदनिका विकून दुसरी घेतली असेल तर मात्र मृत्युपत्रच नवे करावे.

गावच्या जमिनीत चूक मोठी आहे. सातबारा दोन भावांच्या नावे सामाईक असून वाटप झालेले नाही. अशा वेळी शिक्षकाला मृत्युपत्राने फक्त आपला अविभक्त हिस्सा देता येतो. ‘विहिरीकडचे शेत’ त्याचे की भावाचे हे अजून ठरलेलेच नाही. वर्षानुवर्षे तो तुकडा तोच कसत आला असला तरी कागदावर तो वेगळा नाही. म्हणून लिहायचे ते असे: ‘मौजे अमुक, तालुका अमुक, जिल्हा सातारा येथील गट क्रमांक अमुक, एकूण क्षेत्र हेक्टर-आरमध्ये अमुक, यातील माझा अविभक्त निम्मा हिस्सा, विहिरीतील व पाण्याच्या हक्कासह, माझी मुलगी हिला देत आहे.’ तुकडाच द्यायचा असेल तर आधी भावाशी रीतसर वाटप करून, मोजणी करून, सातबारा वेगळा करून घ्यावा लागेल. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर त्याच्या हाताशी असलेला हिस्सा त्याला वाटतो त्याहूनही लहान असू शकतो, कारण मुलगा आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मतः हिस्सेदार असतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम 30 त्याला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा देते. मुलांचा हिस्सा देण्याची नाही. एवढ्या एका मुद्द्यासाठी तरी वकिलाला विचारावे.

सातबाऱ्यावर पुढे नाव लागण्यासाठी मृत्यूनंतर फेरफार नोंद होते. त्यात हितसंबंधितांना नोटीस जाते आणि कोणी हरकत घेतली तर नोंद तक्रारीत जाते. मृत्युपत्रातला गट क्रमांक आणि सातबाऱ्यावरचा गट क्रमांक जुळला नाही, जुनाच सर्व्हे क्रमांक राहिला, किंवा क्षेत्र गुंठ्यात लिहिले आणि दप्तरात ते हेक्टर-आरमध्ये आहे, तर हरकत घेणाऱ्याला आयते निमित्त मिळते. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्यासाठी ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक, मालमत्ता पत्रक असल्यास त्याचा क्रमांक आणि चतुःसीमा लिहाव्यात. चतुःसीमेत ‘पूर्वेस अमक्याचे घर’ असे लिहिताना मालक बदलतात हे ध्यानात ठेवून रस्ता, ओढा, देऊळ अशा न हलणाऱ्या खुणा घेणे शहाणपणाचे.

वर्णनातली बारीक चूक मात्र जीवघेणी नसते. मालमत्ता ओळखण्याइतका मजकूर बरोबर असेल तर चुकीचा तपशील सोडून देऊन अर्थ लावण्याची तरतूद कायद्यात आहे. संदिग्धतेला मात्र माफी नाही. 1925 च्या कायद्याने स्वतःच दिलेली उदाहरणे बोलकी आहेत: ‘अमक्याला माल देतो’ असे लिहून काय आणि किती ते सांगितले नाही, किंवा ‘परिशिष्टातील सर्व वस्तू देतो’ असे लिहिले आणि परिशिष्टच सापडले नाही, तर ती देणगी रद्द. दागिन्यांची यादी वेगळ्या कागदावर करून ‘सोबतच्या यादीप्रमाणे’ लिहिण्याची सवय घरोघर आहे. ती यादी मृत्युपत्राचाच भाग करावी, पानांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक पानावर सही करावी. प्रत्येक पानावर सही हवीच असे कायदा म्हणत नाही, पण पान बदलल्याचा आरोप त्याने थांबतो.

मुदत ठेवींच्या बाबतीत पावती क्रमांक लिहिणे उलट अडचणीचे ठरते, कारण ठेव मुदत संपली की नव्या क्रमांकाने पुन्हा ठेवली जाते. बँक, शाखा आणि ग्राहक क्रमांक लिहून ‘माझ्या मृत्यूसमयी तेथे असलेली सर्व खाती व ठेवी’ असे म्हणावे. नामनिर्देशनाचा गैरसमजही इथेच दूर करावा. बँकेत किंवा गृहनिर्माण संस्थेत नॉमिनी म्हणून ज्याचे नाव आहे तो सर्वसाधारणपणे मालक होत नाही. रक्कम किंवा सदनिका वारसांच्या वतीने ताब्यात घेणारा तो विश्वस्त. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले, आणि महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातही नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद मानले आहे. मृत्युपत्र एकाच्या नावे आणि नॉमिनी दुसराच, असे ठेवू नये. दोन्हीकडे एकच नाव असले की बँकेच्या खिडकीवर वाद होत नाही.

‘बाकी सगळे पत्नीला’ हे शिक्षकाचे एकच वाक्य मुळात योग्य होते. शेष मालमत्तेचे असे कलम प्रत्येक मृत्युपत्रात हवेच, कारण नंतर घेतलेली गाडी, येणे असलेला परतावा, विसरलेले खाते यात सामावते. ते नसेल तर तेवढ्यापुरते वारसा कायद्याने वाटप होते. पण ‘हयातभर पत्नीला, नंतर मुलाला’ असे लिहायचे असेल तर सांभाळून. पत्नीला सदनिका विकता येईल का, भाड्याने देता येईल का, हे स्पष्ट लिहिले नाही तर ‘हयातभर राहण्याचा हक्क’ आणि ‘पूर्ण मालकी’ यांत तंटा होतो. आधीच्या ओळीत पूर्ण मालकी देऊन पुढच्या ओळीत ती काढून घेणारी मृत्युपत्रे न्यायालयात नेहमी दिसतात. तसेच ज्याला द्यायचे तो आधीच वारला तर काय, हेही लिहावे: ‘तो हयात नसल्यास त्याच्या मुलांना समान.’

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. सुरुवातीला नाव, वय, पत्ता, तारीख, ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द करत आहे’ असे वाक्य, आणि कर्जे व अंत्यविधीचा खर्च कशातून द्यायचा ते. एक व्यवस्थापक, आणि तो नसल्यास दुसरा. मुले अज्ञान असतील तर पालक. हयातीत मृत्युपत्र कितीदाही बदलता येते आणि शेवटचे ग्राह्य धरले जाते, पण बदल नवे मृत्युपत्र करून किंवा पुरवणी मृत्युपत्राने, पुन्हा दोन साक्षीदारांसमोरच करावा. जुन्या प्रतीवर पेनाने खोडून वर नवे नाव लिहिले तर त्या खाडाखोडीला काही किंमत नाही. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीने नंतर लग्न केले तर आधीचे मृत्युपत्र रद्द होते. हिंदूंचे होत नाही.

शेवटी मूळ प्रत कुठे आहे हे व्यवस्थापकाला आणि एका साक्षीदाराला तरी सांगून ठेवावे. घरी ठेवायची नसेल तर जिल्हा निबंधकाकडे ती मोहोरबंद पाकिटात जमा करता येते. मृत्युपत्र करणाऱ्याच्याच ताब्यात होते आणि मृत्यूनंतर ते सापडले नाही, तर त्याने स्वतःच ते नष्ट करून रद्द केले असे न्यायालय गृहीत धरू शकते.